चीनच्या आठ दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम: वेळा, गाड्या आणि जेवण कागदावर कसं उतरवावं

प्रश्न: आम्ही पुण्याहून २२ जणांचा गट एप्रिलमध्ये चीनला नेतोय. बीजिंग, शिआन, शांघाय. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, सगळे शाकाहारी, त्यात चार जैन. दिवसवार कार्यक्रम मला लिहून काढायचा आहे. वेळा, वाहतूक आणि जेवण त्यात स्पष्ट कसं लिहू? चिनी गाइडलाही तोच कागद चालावा अशी इच्छा आहे.

उत्तर:

हा कागद तीन जणांच्या हातात जाणार, हे लिहायला बसतानाच धरून चाला: तुमचे प्रवासी, चिनी गाइड-ड्रायव्हर आणि जेवणाची ऑर्डर घेणारं हॉटेल. प्रवाशाला कधी तयार राहायचं ते हवं असतं. ड्रायव्हरला बस कुठे आणि किती वाजता लावायची ते हवं असतं. हॉटेलला किती माणसं, किती वाजता आणि काय चालत नाही एवढंच हवं असतं. बहुतेक कंपन्यांच्या कागदावर ‘सकाळी नाश्त्यानंतर भिंत पाहायला प्रस्थान’ असं वाक्य असतं. ते या तिघांपैकी एकाच्याही कामाचं नाही.

म्हणून वेळ लिहाल ती बस सुटण्याची लिहा, ठिकाण पाहण्याची नको. आणि २४ तासांच्या घड्याळात लिहा. चीनमध्ये तिकीट, फलक, ॲप सगळीकडे तेच चालतं आणि ‘सात वाजता’ म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे हा घोळ उरत नाही. स्टेशन, विमानतळ आणि हॉटेलचं नाव मराठीत लिहा आणि शेजारी चिनी लिपीत छापा, कारण ड्रायव्हर नकाशाच्या ॲपमध्ये तेच टाइप करतो आणि स्टेशनच्या पडद्यावरही तेच दिसतं. बीजिंगमध्ये मोठी स्टेशनं अनेक आहेत. शिआनच्या गाड्या मुख्यतः 北京西 म्हणजे पश्चिम स्टेशनवरून सुटतात, शांघायच्या 北京南 म्हणजे दक्षिण स्टेशनवरून. कागदावर नुसतं ‘बीजिंग स्टेशन’ लिहिलं तर बस तिसऱ्याच स्टेशनवर जाऊ शकते आणि मग ती गाडी मिळत नाही.

आता तारखा. ४ ते ६ एप्रिलच्या सुमारास छिंगमिंगची सुट्टी असते आणि १ मेपासून कामगार दिनाची. या दोन्हींच्या मधले, म्हणजे साधारण १० ते २५ एप्रिलचे आठ दिवस घ्या. रविवारी बीजिंगला उतरा. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो, तेव्हा सोमवारी भिंत आणि मंगळवारी राजवाडा असा क्रम आपोआप लागतो. एप्रिलमध्ये बीजिंगच्या हवेत पॉप्लर आणि विलो झाडांचा कापूस तरंगत असतो. दम्याचं कुणी असेल तर मास्क आणि पंप हातातल्या बॅगेत ठेवायची सूचना कागदावर पहिल्याच पानावर द्या.

दिवस १, रविवार: बीजिंग

विमान सकाळी ११:३०ला उतरतं असं धरू. विमानतळाचं नाव टर्मिनलसकट लिहा, कारण बीजिंगमध्ये 首都 म्हणजे कॅपिटल आणि 大兴 म्हणजे दाशिंग असे दोन विमानतळ आहेत आणि ते शहराच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत. बोटांचे ठसे, इमिग्रेशन आणि सामान यांना दीड तास द्या. बस १३:१५ला. पुढे हॉटेल, आराम आणि १८:००ला जेवण. या दिवशी एकही ठिकाण घालू नका. रात्रभर जागून आलेल्या साठीच्या माणसांना त्याच संध्याकाळी देऊळ दाखवलं तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्यांचे पाय उचलत नाहीत.

चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. म्हणजे तिथे १८:०० वाजतात तेव्हा आपल्या पोटात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मंडळी जेवणाला बसतात, चार घास खातात आणि रात्री दहाला भूक लागली म्हणून टूर मॅनेजरच्या खोलीचं दार वाजवतात. तोवर हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. जेवणाची वेळ पुढे ढकलून हे सुटत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी गटाचं जेवण १७:३० ते १९:३०मध्येच चांगलं मिळतं. म्हणून पहिल्या दोन रात्रींच्या ओळीत लिहा: ‘जेवण १८:००. रात्रीसाठी भडंग, खाकरा किंवा झटपट उपम्याचं पाकीट खोलीत ठेवावं. खोलीत पाणी उकळायची किटली आहे.’ ही एक ओळ असली की रात्रीच्या बऱ्याच कुरबुरी होत नाहीत.

दिवस २, सोमवार: मुतियान्यूची भिंत

भिंतीचा बादालिंगचा भाग जवळ आहे, पण तिथे गर्दी प्रचंड असते. ज्येष्ठ मंडळींसाठी मी मुतियान्यूच सांगेन. शहरातून अंतर सुमारे ७० किलोमीटर, बसने दीड ते दोन तास. बस ०७:३०ला, नाश्ता ०६:३०ला. बस थेट भिंतीपाशी जात नाही. ती पर्यटक केंद्रापाशी थांबते, तिथून त्यांच्या शटल बसने पायथ्याला जायचं आणि मग वर जायचं.

इथे वर जायचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि कागदावर त्यातला नेमका एक लिहायला हवा. बंद डब्यांची केबल कार १४ नंबरच्या बुरुजाशी पोचते. उघड्या खुर्च्यांची लिफ्ट ६ नंबरच्या बुरुजाशी जाते आणि घसरगाडीने खाली यायची सोय तिथेच आहे. एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. गटातले चार जण घसरगाडीसाठी ६ नंबरकडे गेले आणि बाकीचे १४ नंबरशी थांबले की पुढचा तास त्यांना शोधण्यात जातो. तुमच्या गटासाठी ‘केबल कारने वर, केबल कारनेच खाली’ असं ठळक लिहा. १४ नंबरच्या आसपास चालायला तुलनेने सोपा भाग आहे. २० नंबरकडे जाणारा चढ फार उभा आहे, तो टाळा.

वर दोन तास पुरतात. ‘१२:१५ला केबल कारच्या वरच्या दाराशी’ अशी भेटीची जागा लिहा. जेवण १३:००ला पायथ्याच्या गावात, बस १४:१५ला. एप्रिलमध्येही वर वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट हवं.

दिवस ३, मंगळवार: तियानानमेन आणि राजवाडा

हा दिवस मी पूर्ण लिहून देतो, म्हणजे बाकीच्या ओळी याच धर्तीवर बसवता येतील.

०६:४५ नाश्ता, हॉटेलमध्ये.
०७:३० बस सुटते. मूळ पासपोर्ट प्रत्येकाच्या गळ्यातल्या पिशवीत. झेरॉक्स चालत नाही.
०८:१५ चौकाच्या दक्षिण बाजूला उतरणे. बस निघून जाते, सामान बसमध्ये ठेवू नये.
०८:१५ ते ०९:३० सुरक्षा तपासणी आणि चौक.
०९:४५ राजवाड्यात प्रवेश, दक्षिणेच्या वूमेन दारातून, 午门.
११:०० पंधरा मिनिटं विश्रांती. स्वच्छतागृह इथेच.
१२:१५ उत्तरेच्या दाराबाहेर सगळे एकत्र, 神武门.
१३:०० जेवण. टूर मॅनेजर धरून २३ जण, त्यात ४ जैन.
१५:०० स्वर्गमंदिर, 天坛.
१६:४५ बस सुटते.
१८:०० जेवण, मग हॉटेल.
चालणे: सुमारे ७ किलोमीटर. परत मागे येता येत नाही.

शेवटची ओळ प्रवाशासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. राजवाड्यात दक्षिणेकडून शिरून साधारण एक किलोमीटर चालत उत्तरेला बाहेर पडायचं असतं. उलट दिशेने प्रवेश नाही. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला हे आदल्या रात्री कळलं पाहिजे, म्हणजे तो त्या दिवशी हॉटेलवर थांबायचं की चाकाची खुर्ची घ्यायची ते ठरवू शकेल. उत्तरेच्या दाराबाहेर मोठी बस उभी राहू शकत नाही, त्यामुळे तिथूनही बसपर्यंत चालावं लागतं. नेमकी जागा स्थानिक गाइडकडून आधीच लिहून घ्या.

तिकिटं खऱ्या नावाने मिळतात. राजवाड्याचं आरक्षण सात दिवस आधी, चिनी वेळेनुसार २०:००ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. रोजची मर्यादा ४०,००० माणसांची असल्याने सकाळच्या जागा लवकर संपतात. तियानानमेन चौकाचं आरक्षण वेगळं असतं. नाव पासपोर्टवर आहे त्याच अक्षरांत आणि त्याच क्रमाने द्या. मधलं नाव किंवा आडनाव गाळलं तर दाराशी त्या एका माणसापायी बावीस जण थांबतात.

दिवस ४, बुधवार: रेल्वेने शिआन

गाडी 北京西 ते 西安北 म्हणजे शिआनचं उत्तर स्टेशन. वेगवान गाड्यांना साडेचार तासांपासून सहा तासांपर्यंत लागतात. दहाच्या सुमाराची गाडी घ्या, म्हणजे तिन्हीसांजेच्या आत शिआनची तटबंदी दाखवता येते. बस ०७:४५ला, स्टेशनवर ०८:४५पर्यंत.

आपल्याकडे गाडी फलाटावर उभी असते आणि आपण धावत जाऊन चढतो. तिथे विमानतळासारखी तपासणी, मोठा हॉल, मग गेट. गेट सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि ते उघडत नाही. म्हणून कागदावर गाडीची वेळ मोठ्या अक्षरात लिहू नका, ‘गेटवर ०९:३०’ हे मोठ्या अक्षरात लिहा. परदेशी पासपोर्टला स्वयंचलित दारं बहुधा चालत नाहीत, बाजूच्या माणूस असलेल्या रांगेतून जावं लागतं. तिकिटं १५ दिवस आधी उघडतात. त्यामुळे पुण्यात छापलेल्या कागदावर गाडीचा नंबर पक्का नसतो. तिथे रिकामी जागा सोडा आणि तिकीट मिळाल्यावर शिक्का मारल्यासारखा भरा.

तपासणीत चाकू-कात्री निघते. दाबाने उडणारे फवारे १५० मिलिलिटरपेक्षा मोठे असले तर तेही निघतात. सामानाची अधिकृत मर्यादा माणशी २० किलो आहे आणि डब्यात मोठ्या बॅगांना जागा कमी असते. ज्यांच्या बॅगा स्वतःला उचलता येत नाहीत त्यांची सोय बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

जेवण गाडीतच होतं. डब्यात मिळणारा भाताचा डबा बहुतेक मांसाचा असतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी हॉटेलकडून किंवा भारतीय उपाहारगृहाकडून बांधून घ्या. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. चहाची पुडी आणि झटपट पोहे तिथे अगदी व्यवस्थित होतात. कागदावर ‘१२:३० बांधलेलं जेवण, गाडीत. उकळतं पाणी डब्यात मिळतं’ एवढं लिहा.

शिआनला उतरल्यावर 永宁门 या दक्षिण दारातून तटबंदीवर चढा. ही भिंत जवळपास १४ किलोमीटरची आहे. सगळी चालायची गरज नाही, दारापाशी अर्धा तास पुरे. १८:३०ला जेवण.

दिवस ५, गुरुवार: मातीचं सैन्य आणि जंगली हंसाचा स्तूप

बस ०८:००ला, ०९:१५ला पोचणे. १९७४मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. पहिलं दालन सर्वांत मोठं आहे, त्याला एक तास द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या दालनाला मिळून तेवढाच. दारापासून दालनांपर्यंत आणि परतीच्या बाजारातून बसपर्यंत बरंच चालावं लागतं. विजेच्या गाड्या मिळतात, त्याचं भाडं सहलीत आहे की वेगळं ते कागदावर सांगा. जेवण १२:१५ला.

दुपारी १५:००ला 大雁塔. या स्तूपाला तुमच्या कागदावर दोन ओळी जास्त द्या. ह्युएनत्सांगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो इसवी सन ६५२मध्ये बांधला गेला. हाच भिक्खू पुलकेशी दुसरा याच्या राज्यात आला होता. महाराष्ट्रातले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा बदला घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. चिनी गाइड तांग राजघराण्याबद्दल भरभरून बोलेल, पण महाराष्ट्राबद्दल बहुधा बोलणार नाही. ते तुम्ही बसमध्ये सांगा. मराठी माणसाला त्या विटांसमोर उभं राहताना हे ठाऊक असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

रात्री मुस्लिम मोहल्ल्याचा बाजार ‘ऐच्छिक’ म्हणून लिहा. तिथे जागोजागी मांस भाजत असतं, काहींना वास सहन होत नाही.

जेवणाची ओळ

‘शाकाहारी जेवण’ एवढं लिहिलं की चिनी स्वयंपाकी डोळ्यांना दिसणारं मांस काढतो. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वरून ऑयस्टर सॉस किंवा कोंबडीच्या अर्काची पूड पडते, सूप हाडांच्या पाण्यावर होतं. सुक्या परतलेल्या फरसबीत आणि मापो तोफूत खिमा असतो आणि तो इतका बारीक असतो की ताटात आल्यावर कळतं. अंडं अनेकांच्या लेखी शाकाहारीच. म्हणून काय नको त्याची यादी द्यावी लागते. गाइड हॉटेलला फोनवरून पाठवेल तो मजकूर असा ठेवा:

```
不要肉、鱼、虾、蛋、猪油、蚝油、鸡精、肉汤
```

म्हणजे मांस, मासे, कोळंबी, अंडी, डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीची पूड, मांसाचं पाणी नको. चार जैनांच्या टेबलासाठी दुसरी ओळ:

```
不要葱、蒜、洋葱、韭菜、姜、土豆、胡萝卜、萝卜、莲藕、蘑菇
```

म्हणजे कांद्याची पात, लसूण, कांदा, लसणाची चिनी पात, आलं, बटाटा, गाजर, मुळा, कमळकंद, मश्रूम नको. बौद्ध मठांच्या धर्तीवरची शाकाहारी उपाहारगृहं कांदा-लसूण वापरत नाहीत, त्यामुळे ती जैनांना सोयीची वाटतात. पण तिथे बटाटा, गाजर, कमळकंद आणि मश्रूम हेच मुख्य पदार्थ असतात. ही दुसरी ओळ तिथेही दाखवावीच लागते. शिवाय तिथे सोयाबीनचे बदक आणि मासे अगदी हुबेहूब करून वाढतात. ते डाळीचे आहेत हे प्रवाशांना ताट येण्याआधी सांगा, नाहीतर टेबलावरचा निम्मा माल तसाच परत जातो.

गटाचं जेवण दहा जणांच्या गोल टेबलावर, साधारण आठ पदार्थ आणि एक सूप असं येतं. २३ माणसांना १०, ९ आणि ४ अशी टेबलं लिहा आणि जैनांचं टेबल वेगळं ठेवा, कारण फिरत्या चकतीवर पदार्थ वेगळे राखता येत नाहीत. चीनमध्ये भात बहुधा शेवटी येतो. ‘भात पहिल्या भाजीबरोबर आणा’, 米饭先上, हे लिहून द्या. आणि कलिंगडाच्या फोडी आल्या की जेवण संपलं असं समजायचं. मंडळी पुढच्या भाजीची वाट पाहत बसतात.

दिवस ६, शुक्रवार: शिआन ते शांघाय

रेल्वेने सुमारे सहा तास, विमानाने सुमारे सव्वादोन. या वयाच्या गटासाठी विमान. विमानतळ शहरापासून लांब आहे, म्हणून सकाळी साडेदहाच्या विमानासाठी बस ०७:१५ला आणि नाश्ता ०६:१५ला, अन्यथा डब्यात बांधून. शांघायलाही विमानतळ दोन आहेत, 虹桥 म्हणजे होंगछ्याओ आणि 浦东 म्हणजे पूदोंग. शहराच्या जवळचा 虹桥.

या दिवसाच्या ओळीखाली पॉवर बँकेची सूचना हवीच. २८ जून २०२५पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 3C हे चिनी प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि भारतात घेतलेल्या अनेकांवर ते नसतं. चेक-इन बॅगेत तर ती चालतच नाही. ही सूचना पुण्यात, बॅगा भरायच्या आधी पोचली पाहिजे. शिआनच्या विमानतळावर सांगून उपयोग नाही.

संध्याकाळी जेवण १७:४५ला लवकर उरका आणि अंधार पडताना 外滩 म्हणजे बंड या नदीकाठी जा. शुक्रवारी तिथे गर्दी असते. एकत्र यायची जागा एखाद्या ठळक इमारतीच्या दाराशी ठरवा, पुतळ्यापाशी किंवा कठड्यापाशी नको.

दिवस ७ आणि ८

शनिवारी सकाळी ०८:३०ला निघून यू उद्यान आणि आसपासचा जुना बाजार, मग शांघाय टॉवर. ६३२ मीटर उंचीच्या या इमारतीवर ढग असले तर खालचं काही दिसत नाही, म्हणून कागदावर ‘हवामान पाहून सकाळी किंवा दुपारी’ असं लिहा. दुपार मोकळी ठेवा आणि संध्याकाळी भारतीय जेवण द्या. सात दिवसांनंतर वरण-भाताची वाट सगळेच पाहत असतात.

रविवारी परतीच्या विमानासाठी 浦东ला तीन तास आधी. मॅग्लेव्हची, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या गाडीची, हौस असेल तर लाँगयांग रोडहून विमानतळ ३० किलोमीटर, आठ मिनिटांत. पण त्या दिवशी बॅगा बसने पुढे पाठवा, मंडळी तेवढी मॅग्लेव्हने.

वाहनाबद्दल आणि छपाईबद्दल

२३ माणसांना ३३ आसनांची बस पुरेशी दिसते, पण ती २३ मोठ्या बॅगांना पुरत नाही. विमानतळ आणि स्टेशनच्या दिवशी मोठी बस मागा आणि आसनसंख्या कागदावर लिहा. ड्रायव्हरला सलग चार तास चालवल्यावर किमान २० मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. रात्रीच्या जेवणानंतर अचानक ‘जरा दिवे पाहून येऊ’ म्हटलं तर तो नाही म्हणतो, आणि ते बरोबरच असतं. रात्रीची प्रत्येक फेरी आधीच लिहा.

मराठी-चिनी एकत्र कागद गाइडला निघायच्या दहा दिवस आधी पाठवा आणि प्रत्येक ओळीपुढे त्याची खूण मागा. त्याने बदललेल्या वेळा घालूनच प्रवाशांची प्रत छापा. प्रवाशांची प्रत मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच दिवस, तळाशी हॉटेलचं चिनी नाव-पत्ता आणि टूर मॅनेजरचा तिथला चालू नंबर. चुकलेला माणूस ते पान टॅक्सीवाल्यासमोर धरतो आणि हॉटेलवर पोचतो.